१५ जानेवारी, ॲप बंद पडलं आहे

आमच्या साखर कारखान्यात ऊसतोडणीची चिठ्ठी पूर्वी कागदावरच निघत होती. शेतमदतनीस (फडात त्याला सगळे चिटबॉयच म्हणतात) उसाच्या बांधावर उभा राहून शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, लागण की खोडवा, तोडणी टोळीचा कोड आणि वाहनाचा नंबर लिहायचा. वाहन ती चिठ्ठी घेऊन काट्यावर येतं, भरलेलं वजन होतं, मग केनयार्डात नंबर लागतो, ऊस गव्हाणीत पडतो आणि परत जाताना रिकामं वजन होतं. दोन वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. त्याचं बिल १४ दिवसांच्या आत द्यावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. म्हणजे चिठ्ठीत घोळ झाला की तो थेट शेतकऱ्याच्या खात्यापर्यंत पोचतो.

हे सगळं मोबाइल ॲपवर न्यायचं आणि काट्यावर वाहनाला टॅग लावून वजन आपोआप नोंदवायचं, असं ठरलं. सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीचं. मी कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात असल्यामुळे दोन्हीकडची बोलणी माझ्याकडे आली. जुलैच्या शेवटी कार्यकारी संचालकांनी बोलावलं आणि एक फाइल पुढे सरकवली. सल्लागारांनी पाठवलेला स्लाइड्सचा संच होता तो, नाव प्री-मॉर्टेम. काम सुरू होण्याआधीच ते फसलं आहे असं धरायचं आणि का फसलं याची कारणं सगळ्यांनी मिळून लिहायची. "हे घ्या आपल्या माणसांकडून करून," साहेब म्हणाले, "पण मराठीत."

ही पद्धत गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूच्या सप्टेंबर २००७ च्या अंकात त्यांनी ती लिहिली आणि तिथून ती सगळीकडे गेली. आमच्याकडे आलेल्या संचात चोवीस स्लाइड्स होत्या. त्यातल्या तिसऱ्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की या पद्धतीने कारणं ओळखण्याची क्षमता तीस टक्क्यांनी वाढते. हा आकडा क्लाइन यांच्या लेखातून आलेला, आणि लेखात तो मिचेल, रूसो आणि पेनिंग्टन यांच्या १९८९ च्या अभ्यासाच्या हवाल्याने दिला आहे. त्या अभ्यासात तीस टक्क्यांपेक्षा कामाची गोष्ट दुसरीच आहे. घटना मागे घडलेली आहे की पुढे घडणार आहे, याने फारसा फरक पडत नाही. ती नक्की घडली आहे असं धरलं, की माणसं जास्त कारणं देतात आणि ती कारणं 'अमक्याने तमकं केलं' अशा घडामोडींच्या रूपात येतात. 'घडू शकेल' म्हटलं की सगळे हवेत बोलायला लागतात.

हे कळल्यावर संच कापायला घेतला. पहिली गेली ती 'प्रकल्प फसण्याची नेहमीची दहा कारणं' ही स्लाइड. ती दाखवली असती तर वीस माणसांनी त्याच दहांतली तीन-तीन लिहून दिली असती. मग शक्यता आणि परिणाम यांचा लाल-पिवळा-हिरवा चौकोन गेला. शक्यता किती हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि चौकटीत आकडा बसवला की तो खरा वाटायला लागतो. 'सकारात्मक राहा' अशी एक स्लाइड होती, उगवत्या सूर्यासकट. ती का होती हे मला अजून कळलेलं नाही. शेवटी सात उरल्या आणि त्यांतल्या दोन जवळजवळ कोऱ्या होत्या.

सगळा जीव दुसऱ्या स्लाइडमध्ये होता. त्यावर एवढंच:

"आज १५ जानेवारी आहे. ॲप बंद केलं आहे. सगळ्या गटांत चिठ्ठ्या पुन्हा कागदावर सुरू आहेत. का?"

तारीख विचार करून घेतली होती. आमचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. जानेवारीच्या मध्याला गाळप भरात असतं, आडसाली ऊस बराचसा उरकलेला असतो आणि माझ्या उसाला तोड कधी म्हणून कारखान्याच्या गट ऑफिसात गर्दी असते. मार्च घेतला असता तर लोक हंगाम संपल्याच्या सुरात लिहिते, नोव्हेंबर घेतला असता तर सुरुवातीच्या गोंधळापलीकडे कोणी गेलं नसतं. आणि स्लाइडवर कारणाचा इशाराही येता कामा नये. मूळ संचात याच जागी मोबाइलच्या तुटलेल्या टॉवरचं चित्र होतं. ते ठेवलं असतं तर अर्ध्या कार्डांवर नेटवर्क आलं असतं. तरी आलंच, पण ते पुढे सांगतो.

तिसरी स्लाइड कारण कसं लिहायचं याची. नियम असा की वाक्य भूतकाळात हवं आणि त्यात कोणीतरी काहीतरी केलेलं किंवा न केलेलं हवं. 'नियोजन कमी पडलं' हे कारण चालणार नाही. उदाहरण मुद्दाम आमच्या कामाबाहेरचं घेतलं, म्हणजे कोणी तेच उचलून लिहायला नको. लग्नातलं जेवण कमी पडलं, तर 'नियोजन चुकलं' असं लिहायचं नाही. 'आचाऱ्याला आठशे पानं सांगितली आणि वरातीबरोबर आलेल्या दोन ट्रक माणसांचं कोणी कळवलं नाही' असं लिहायचं. हे वाचून हॉलमध्ये हशा पिकला. प्रत्येकाच्या घरात असं एक लग्न झालेलं असतं.

बैठक कारखान्याच्या ट्रेनिंग हॉलमध्ये झाली. शेती अधिकारी, गट अधिकारी, काही शेतमदतनीस, काट्यावरचे दोन क्लार्क, केनयार्डचे सुपरवायझर, अकाउंट्समधल्या बाई, वाहतुकीचे एक ठेकेदार, पुण्याची दोन पोरं आणि साहेब. पहिली स्लाइड लागायच्या आधीच शेती विभागातले एक ज्येष्ठ अधिकारी उठले. त्यांना सगळे तात्या म्हणतात.

"शुभ बोल रे नाऱ्या म्हणावं, तर म्हणं मांडवाला आग लागली. अजून गव्हाणीत मोळी पडायची हाय आन् तुम्ही आत्ताच कारखान्याचं वाटोळं करायला बसलाय व्हय? वास्तू तथास्तु म्हणती साहेब."

कोणी हसलं नाही, कारण निम्म्या हॉलच्या मनात तेच होतं. बाहेरची माणसं या आक्षेपाकडे दुर्लक्ष करतात. आमच्याकडे ते करून चालत नाही, कारण ज्याच्या जिवाला ते लागलं तो कार्डावर काही लिहीतच नाही. साहेबांनी उत्तर चांगलं दिलं. म्हणाले, "तात्या, पूर यायच्या आधी आपण पूररेषेच्या आतली वाहनं हलवतोच की नाही? तेव्हा पूर येऊ दे असं म्हणतो का?" २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना. हॉलमध्ये बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरात ते पाणी शिरलेलं होतं. तात्या बसले, पण नारळ फोडूनच सुरू करू म्हणाले. फोडला. खोबरं वाटता वाटता दुसरी स्लाइड लावली.

मूळ पद्धतीत आधी सगळे गप्प बसून लिहितात आणि मग एकेक जण आपल्या यादीतलं एक कारण वाचून दाखवतो, सुरुवात प्रकल्पाच्या प्रमुखापासून. यातला पहिला भाग आम्ही तसाच ठेवला, दुसरा बदलला. आमच्याकडे प्रमुख पहिला बोलला की पुढचे वीस जण 'साहेब म्हणाले तेच' म्हणून मोकळे. म्हणून सगळ्यांना एकाच मापाची पांढरी कार्डं आणि एकाच रंगाची बॉलपेनं दिली. लिहून झाल्यावर कार्डं साखरेच्या सॅम्पलच्या रिकाम्या डब्यात टाकायची, मी ती पिसून एकेक वाचणार. साहेबही लिहिणार, पण बोलणार सगळ्यांत शेवटी. बोलणं सुरू होण्याआधी दहा मिनिटं पूर्ण शांतता. पहिल्या तीन-चार मिनिटांत सगळ्यांचं जे येतं ते वरवरचं असतं. खरं येतं ते त्यानंतर, पेनं थांबून लोक खिडकीबाहेर बघायला लागतात तेव्हा. मी घड्याळ लावून बसलो होतो, एरवी सहाव्या मिनिटालाच कोणीतरी 'झालं' म्हणून उठलं असतं.

वाचायला लागलो तर 'नेटवर्क नाही' असं लिहिलेली कार्डं भराभर निघाली. पुण्याच्या पोरांच्या कार्डांवर 'युजर ट्रेनिंग कमी पडलं' असावं असा माझा अंदाज आहे. अक्षरावरून नाही, भाषेवरून. नेटवर्कची कार्डं मी बाजूला काढली आणि तिसऱ्या स्लाइडवर परत गेलो. कुठे नाही, कोणाच्या हातातला फोन, त्या क्षणी तो काय करत होता? तेव्हा भिलवडीकडच्या एका शेतमदतनिसाने तोंड उघडलं.

"नदीकाठच्या मळीत खाली उतरलं की रेंज जाती. तिथं ऊस भरला, मी चिठ्ठी करायला घेतली, सगळं भरलं आन् सेव्ह दाबलं की नुसतं चाक फिरतं. गाडी कुठवर थांबंल? ड्रायव्हर म्हणतो मी निघालो, नंबर मागनं सांगा."

म्हणजे नेमकं कारण रेंजचं नव्हतंच. चिठ्ठीचा नंबर सर्व्हरवर तयार होत होता. रेंज नाही तर नंबर नाही, नंबर नाही तर चिठ्ठी नाही, आणि बिनचिठ्ठीचं वाहन गेटवर अडणार. पुण्याच्या पोरांपैकी एकाने तिथंच उत्तर काढलं: प्रत्येक फोनला आधीच नंबरांचा गठ्ठा द्यायचा, समजा दोनशेचा. चिठ्ठी फोनमध्येच तयार होईल, रेंज आली की वर जाईल, आणि गठ्ठ्यातले वीस नंबर उरले की फोन आठवण करेल. दोन फोनना एकच नंबर जाण्याची भीती राहत नाही, कारण गठ्ठे वेगळे. 'नेटवर्क नाही' या दोन शब्दांवर यातलं काही करता आलं नसतं. नवा टॉवर उभारणं आमच्या हातात नाही.

दुसरं कार्ड काट्यावरचं होतं. त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं: 'टॅग ट्रॅक्टरला लावला. ट्रॉल्या बदलल्या. भरलेलं वजन एकीचं आणि रिकामं दुसरीचं लागलं.'

हे मला स्वतःला कधीच सुचलं नसतं, कारण मी काट्यावर रात्र काढलेली नाही. आमच्या भागात बऱ्याच ट्रॅक्टरवाल्यांकडे ट्रॉल्यांच्या दोन जोड्या असतात. एक भरलेली जोडी केनयार्डात नंबर लागेपर्यंत उभी असते, तोवर नुसता ट्रॅक्टर दुसरी जोडी घेऊन फडात परत जातो. टॅग ट्रॅक्टरच्या तोंडाला असेल तर संगणकाला दिसतं की याच वाहनाचं भरलेलं वजन झालं, रिकामं झालं नाही आणि लगेच पुन्हा भरलेलं आलं. मग दोनच गोष्टी होणार. एक तर संगणक ते वजन घेणार नाही आणि रांग तुंबणार. नाहीतर क्लार्क 'मॅन्युअल' हे बटन दाबून वजन हाताने भरणार. एकदा ती सवय लागली की टॅग, संगणक, सगळं नुसतं शोभेला.

रांग तुंबणं म्हणजे काय, हे क्लार्कने तिथल्या तिथे फळ्यावर मांडून दाखवलं. सध्या एका वाहनाला काट्यावर साधारण दीड मिनिट लागतं. संध्याकाळी पाच ते अकरा ही गर्दीची वेळ, म्हणजे ३६० मिनिटं. दीड मिनिटाने २४० वाहनं जातात. टॅग घोटाळला आणि दीडाची अडीच मिनिटं झाली तर १४४ जातात. उरलेली ९६ वाहनं गेटाबाहेर, रस्त्यावर, रात्रभर. तोडलेला ऊस वाळायला लागतो, वजन घटतं, साखरेचा उतारा घसरतो, आणि ते नुकसान शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसतं. एका मिनिटाच्या फरकाने ॲप बंद पडू शकतं, हे हॉलमधल्या प्रत्येकाला त्या फळ्यावर पटलं. माझ्या सातही स्लाइड्सपेक्षा तो फळा भारी होता.

तिसरं कार्ड वाचताना मी थोडा थांबलो. लिहिलं होतं: 'ॲपवर लागणीच्या तारखेप्रमाणे पाळी दिसली. प्रत्यक्षात तोड पाळी सोडून दिली. शेतकऱ्यांनी गट ऑफिसला कुलूप लावलं. मग वरनं फोन आला की ॲप बंद करा.'

आमच्याकडे क्रमपाळी म्हणजे कोणाच्या उसाला आधी तोड, हा गावागावातला सगळ्यांत नाजूक विषय. पाळी लागणीच्या तारखेने ठरते, पण ती मोडायची खरी कारणंही असतात: ऊस जळीत झाला, विहीर आटली, पुढचा रस्ता बंद होणार आहे, पुराचं पाणी बसून ऊस कुजायला लागला. आणि बाकीचीही कारणं असतात, ती कोणी बैठकीत बोलत नाही. कागदावरची यादी गट ऑफिसच्या कपाटात राहते म्हणून हे खपतं. ॲपवर तीच यादी प्रत्येकाच्या खिशात. त्याच सुराची आणखी दोन कार्डं निघाली, एक ड्रायव्हरला द्याव्या लागणाऱ्या 'एंट्री'च्या पैशांबद्दल आणि एक टोळीला द्याव्या लागणाऱ्या 'खुशाली'च्या पैशांबद्दल. समोरासमोर विचारलं असतं तर यातलं एक अक्षर कोणी काढलं नसतं. हॉलमध्ये अशी शांतता की पंख्याचा आवाज ऐकू यावा. गट अधिकारी एकमेकांकडे न बघता समोर बघत होते.

इथे कार्ड वाचणाऱ्याने गप्प बसायचं असतं. चौथी स्लाइड त्यासाठीच होती: 'कोणी लिहिलं हे विचारायचं नाही. खोटं आहे असं म्हणायचं नाही. हे झालं असेल तर कसं झालं, एवढंच.' साहेबांनी नियम पाळला, शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच, की हे कार्ड मी संचालक मंडळापुढे घेऊन जातो. नेलं. महिन्याभराने ठरलं की पाळी ॲपवर दाखवायची, पण पाळीबाहेर तोड द्यायची असेल तर कारण निवडल्याशिवाय चिठ्ठीच तयार होणार नाही, आणि त्या कारणांची यादी दर सोमवारी गट ऑफिसच्या फलकावर लागेल. मला याहून जास्त हवं होतं. तात्यांच्या मते हेच जास्त झालं.

निवड करायला मतदान ठेवलं. सल्लागारांच्या संचात गोल रंगीत स्टिकर्स सांगितले होते. अकाउंट्सच्या बाईंनी कॉलनीतल्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणवली आणि प्रत्येकाला तीन टिकल्या वाटल्या. मिशीवाले गट अधिकारी बोटावर लाल टिकल्या घेऊन भिंतीपुढे उभे, हे दृश्य कारखान्यात बरेच दिवस पुरलं. प्रश्न मात्र जपून विचारला होता. सगळ्यांत मोठं कारण कोणतं, असा नाही. हंगामाआधी आपल्याला ज्यावर काही करता येईल अशी तीन निवडा, असा. पूर, ऊसदराचं आंदोलन, सरकारचा आदेश ही कार्डंही होती आणि ती महत्त्वाचीही होती; त्यांच्यावर टिकल्या पडल्या नाहीत, कारण आम्ही त्यांचं काहीच करू शकत नव्हतो. ती वेगळ्या कागदावर उतरवून साहेबांकडे दिली.

सहावी स्लाइड भरताना सगळ्यांत जास्त वेळ गेला. मूळ संचात तिथे 'उपाय' आणि 'जबाबदार व्यक्ती' एवढे दोनच रकाने होते. मी आणखी दोन वाढवले: हे घडायला लागलंय याची खूण कोणती, आणि ती किती झाली की आपण हलायचं. ट्रॉल्यांच्या कारणापुढे खूण लिहिली: एका पाळीत हाताने भरलेली वजनं. मर्यादा: शंभरात पाच. बघणार कोण: काट्याचा पाळीप्रमुख, पाळी संपताना. काय करायचं: कॉम्प्युटर विभागाला फोन, आणि तोवर वजन टॅगवर न घेता चिठ्ठीवरच्या बारकोडवर घ्यायचं. हा बारकोड म्हणजे त्या कार्डाचाच उपाय. टॅग वाहनाबरोबर जातो, चिठ्ठी मालाबरोबर राहते. ट्रॉली कोणत्याही ट्रॅक्टरला जोडा, चिठ्ठी ट्रॉलीच्या उसाचीच. ट्रॉल्यांना वेगळे टॅग लावायचंही ठरलं, पण ते हंगामाच्या तोंडावर येतील याची खात्री नव्हती. आले तेही उशिरानेच.

पाच हा आकडा आभाळातून पडलेला नाही. काट्यावर कागदाच्या काळातही खाडाखोड व्हायचीच, क्लार्कच्या अंदाजाने शंभरात दोन-तीन. त्याच्या दुपटीच्या आसपास गेलं तर काहीतरी बिघडलंय, एवढाच हिशोब. मर्यादा फार कमी ठेवली की रोज घंटा वाजते आणि चौथ्या दिवशी तिच्याकडे कोणी बघत नाही. फार जास्त ठेवली की रांग रस्त्यावर गेल्यावरच ती वाजते.

मग हंगाम सुरू झाला. नदीकाठच्या मळीतल्या चिठ्ठ्या नंबरांच्या गठ्ठ्यामुळे बिनबोभाट निघाल्या. ट्रॉल्यांची अदलाबदलही बारकोडने निभावली. आणि दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे पाळीप्रमुखाचा फोन आला की हाताने भरलेली वजनं शंभरात अकरा झाली.

गेलो तर ट्रॉल्यांचा काही घोळ नव्हता. ट्रॉल्यांचे टॅग तोवर लागले होते, पुढच्या पत्र्यावर. ट्रॉली डोंगरासारखी भरली की वाढे आणि पाचट त्या पत्र्यावर लोंबतं, आणि पहाटे ते दवाने ओलं झालेलं असतं. हे टॅग रेडिओ लहरींवर वाचले जातात आणि पाणी त्या लहरी शोषून घेतं. ओल्या पाचटामागचा टॅग अँटेनाला दिसतच नव्हता. दुपारी तीच ट्रॉली व्यवस्थित वाचली जायची, म्हणून दिवसपाळीला याचा पत्ताच नव्हता. टॅग पत्र्यावरून काढून जूच्या दांडीवर खाली, लोखंडापासून थोडा उचलून लावला. लोखंडाला चिकटून असला तरी तो नीट वाचला जात नाही. पाळीतली संख्या पुन्हा तीनवर आली.

ओलं पाचट आमच्या एकाही कार्डावर नव्हतं. पण खूण 'ट्रॉली बदलली' अशी न लिहिता 'हाताने भरलेली वजनं' अशी लिहिली होती, म्हणून न सुचलेलं कारणही त्याच जाळ्यात आलं. तेव्हापासून मी सहाव्या स्लाइडवर कारणापेक्षा खुणेच्या शब्दांवर जास्त वेळ घालतो. एकाच कारणाला चिकटलेली खूण तेवढंच कारण दाखवते.

जे जाळ्यात आलं नाही तेही सांगतो. ॲपमध्ये ऊस भरून झाल्यावर टोळीच्या मुकादमाच्या मोबाइलवर ओटीपी जायचा, म्हणजे टोळीचं वजन टोळीच्या नावावर पडावं. टोळ्या येतात बीडकडून, दसरा-दिवाळीच्या सुमाराला. आमच्याकडे नंबर होते ते करार केला तेव्हाचे. निम्म्या मुकादमांनी गावाकडून निघताना सिम बदललं होतं. फडात गाडी भरून उभी, ओटीपी जुन्या नंबरवर. बैठकीच्या त्या हॉलमध्ये हे सांगू शकेल असं एकही माणूस नव्हतं, कारण एकही मुकादम नव्हता. ओटीपी तीन दिवसांत काढून टाकला आणि टोळीच्या कार्डावरचा कोड स्कॅन करायला सुरुवात केली.

यंदा पावसाळ्यानंतर केनयार्डात टोकनचं नवं काम काढलंय. सात स्लाइड्सची बैठक ऑगस्टमध्ये होईल, नारळासकट. टोळ्या आल्या की दुसरी बैठक त्यांच्या तळावर होणार आहे, स्लाइड्सशिवाय. तिथे लिहायला लावायचं नाही, तोंडीच विचारायचं, आणि संध्याकाळी सातनंतर, स्वयंपाक आवरल्यावर. पहिला प्रश्न तात्या विचारणार आहेत, असं त्यांनीच सांगितलंय.